जुना प्लॉट विकल्यावर टॅक्स कसा लागतो?

प्रश्न: २०१० मध्ये घेतलेला एनए प्लॉट विकला. एजंटला दलाली दिली, मधे वॉल कंपाऊंड पण बांधलं होतं. हे खर्च वजा होतात का, आणि टॅक्स किती बसेल?

दोन्ही खर्च वजा होतात, फक्त वेगवेगळ्या जागी. मी लोकांची रिटर्नं भरतो, तर तुमच्यासारखीच एक केस सांगतो.

प्लॉट २०१०-११ मध्ये स्टॅम्प ड्युटी धरून ८ लाखाला घेतलेला, २०१४-१५ मध्ये २.४ लाखाचं कंपाऊंड, आणि २०२५-२६ मध्ये ४० लाखाला विकला, दलाली ८० हजार. आधी मुदत बघायची, प्लॉट २४ महिन्यांपेक्षा जास्त हातात असला की लाँग टर्म. मुदत प्लॉटची मोजतात, कंपाऊंडची नाही, म्हणजे भिंत विकायच्या आदल्या वर्षी घातली असती तरी प्लॉट लाँग टर्मच. आणि वारसाहक्काने आला असेल तर वडिलांकडे होता तो काळही धरतात.

दलाली विक्रीच्या रकमेतूनच जाते, राहिले ३९.२ लाख. आता २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेली जमीन असेल आणि तुम्ही रेसिडेंट असाल तर दोन्ही पद्धतीने हिशोब करून जो टॅक्स कमी येईल तो भरायचा. इंडेक्सेशन म्हणजे महागाईच्या प्रमाणात जुना खर्च वाढवून धरणं. ते न घेता ३९.२ मधून ८ आणि २.४ गेले, नफा २८.८ लाख, त्यावर १२.५ टक्के म्हणजे ३.६० लाख. इंडेक्सेशन घेतलं तर ८ लाखाला विक्रीच्या वर्षाच्या इंडेक्सने, ३७६ ने, गुणून खरेदीच्या वर्षाच्या १६७ ने भागायचं, झाले १८.०१ लाख. कंपाऊंडला मात्र ते बांधलं त्या वर्षाचा इंडेक्स लागतो, २४०, त्याचे ३.७६ लाख. नफा साधारण १७.४३ लाख, २० टक्क्याने टॅक्स ३.४९ लाख. म्हणजे इथे इंडेक्सेशन परवडलं. दोन्हीकडे वर ४ टक्के सेस आहेच.

पण कंपाऊंडचा पुरावाच नसता तर? मग इंडेक्सेशनने ४.२४ लाख आणि साध्या पद्धतीने ३.९० लाख, म्हणजे साधी पद्धत स्वस्त पडली असती, आणि तरीही ४१ हजार जास्त गेले असते. म्हणून कॉन्ट्रॅक्टरचं बिल आणि बँकेतून पैसे गेल्याची एंट्री आत्ताच शोधून ठेवा, नोटीस आल्यावर दहा वर्षांपूर्वीचा कॉन्ट्रॅक्टर सापडत नाही हो. दलालीचं पण तसंच, एजंटकडून पावती घ्या आणि पैसे ऑनलाइन द्या, रोख दिलेली दलाली सिद्ध करताना फार त्रास होतो. गवत काढणं, घरपट्टी, वॉचमनचा पगार हे सुधारणेत धरू नका, ते देखभालीचे खर्च, मंजूर होत नाहीत.

अजून एक, रेडीरेकनरची किंमत तुमच्या दस्तातल्या रकमेपेक्षा १० टक्क्यांहून जास्त निघाली तर ४० लाखाच्या जागी ती धरून सगळा हिशोब होतो, तेव्हा इंडेक्स-टूच्या उताऱ्यावर बाजारभावाचा आकडा काय लिहिलाय तो आधी बघा.