भिंतीजवळच्या स्रोतामुळे भिंतीलगतचा वेग

प्रश्न: सरळ भिंतीपासून a अंतरावर m शक्तीचा द्विमितीय स्रोत आहे. भिंतीवर वेग किती आणि सर्वांत जास्त कुठे?

उत्तर: भिंत काढून टाका आणि पलीकडे तितक्याच अंतरावर तितक्याच शक्तीचा दुसरा स्रोत ठेवा. आरशातल्यासारखं उलट चिन्ह घेऊन तिथे निचरा ठेवलात तर गडबड होते: प्रवाह सरळ भिंतीतून आरपार जातो. समान चिन्हामुळे भिंतीला लंब घटक कटतात, समांतर घटक दुप्पट होतात:

u = m x / [π (x² + a²)]

इथे x स्रोतासमोरच्या बिंदूपासून मोजायचा. त्या बिंदूवर वेग शून्य, आणि x = a ला कमाल, m/(2πa). m = 0.6 m²/s, a = 0.3 m असेल तर सुमारे 0.32 m/s. खऱ्या द्रवात अगदी भिंतीला चिकटून वेग शून्यच असतो. हे उत्तर सीमास्तराच्या बाहेरचं.