लॅपटॉपशिवाय प्रोफिनेट मॉड्यूल बदलणे

"चिकोडीकडच्या साखर कारखान्यात रात्रपाळीला रिमोट आयओ जळाला, लॅपटॉप नाही. नुसता नवा बसवून चालेल का?"

चालेल, पण कुठल्या पोर्टला कोण जोडलंय ही टोपॉलॉजी प्रोजेक्टमध्ये भरून पीएलसीत आधीच डाउनलोड केलेली असेल तरच. पीएलसी डिव्हाइसला नावाने ओळखतो. नाव सापडलं की आयपी पत्ताही पीएलसीच देतो. नव्या मॉड्यूलला नाव नसतं, तेव्हा ते मॉड्यूल कुणाच्या कुठल्या पोर्टला जोडलंय हे पाहून पीएलसी जुनं नाव त्याला देतो. म्हणून केबल काढण्याआधी पोर्ट नंबर लिहून घ्या. ऑर्डर नंबरही तोच हवा.

खरी गोची होते ती स्टोअरमधल्या वापरलेल्या स्पेअरने. त्यात दुसरंच नाव असतं, पीएलसी सहसा ते पुसत नाही आणि एररचा दिवा लुकलुकत राहतो. असे स्पेअर गाळप सुरू होण्याआधीच फॅक्टरी रीसेट करून ठेवा.