जीएसटीची नोटीस तीन तारखांना आली, उत्तराची मुदत कुठून मोजू?

प्रश्न : म्हापशात दुकान आहे. ASMT-10 पोर्टलवर 3 नोव्हेंबरला चढली, ईमेल 5 ला, स्पीड पोस्ट 11 ला. उत्तराला 30 दिवस आहेत, ते कधीपासून?

उत्तर : 3 नोव्हेंबरपासून धरा. आधी नोटिशीत उत्तराची ठरावीक तारीख छापली आहे का ते पाहा. असेल तर तीच पाळा. नसेल तर बजावणीच्या दिवसापासून मोजायचं. जीएसटी कायद्याच्या कलम 169 मध्ये पोर्टल, नोंदणीचा ईमेल आणि स्पीड पोस्ट हे तिन्ही मार्ग मान्य आहेत. त्यातला एकही पुरतो, म्हणून सगळ्यात आधीची तारीखच सुरक्षित.

बजावणीचा दिवस सोडायचा. 4 नोव्हेंबर हा पहिला दिवस, म्हणजे तिसावा 3 डिसेंबर. त्या दिवशी गोव्यात सायबाच्या फेस्ताची सुट्टी. कार्यालय बंद असेल तर पुढचा कामाचा दिवस चालतो, असं जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं कलम 10 म्हणतं. पण पोर्टल सुट्टीतही सुरू असतं, तेव्हा त्या सवलतीवर विसंबू नका. 2 तारखेपर्यंत ASMT-11 हा उत्तराचा फॉर्म भरून टाका.

पोस्टाची तारीख धरली तर 11 डिसेंबर येतो. तो राखीव मुद्दा. नुसत्या पोर्टलवर टाकलेली नोटीस पुरेशी नाही, असं काही उच्च न्यायालयांनी काही प्रकरणांत म्हटलंय, पण सगळीकडे तसं मानत नाहीत. तरी शिक्क्यासकट पाकीट आणि ट्रॅकिंगची प्रत जपून ठेवा. उशीर झालाच तर कामी येईल.