आयत्या वेळी बेत रद्द करणाऱ्या मैत्रिणीशी कधी आणि काय बोलावे?

प्रश्न: माझी जवळची मैत्रीण भेटायचे ठरवते आणि निघायच्या तासभर आधी 'आज नाही जमत गं' म्हणून कळवते. पाच-सहा वेळा असे झाले. मैत्री तोडायची नाही, पण आता फार राग येतो. काय करू?

उत्तर: तिच्याशी बोलण्याआधी गेल्या काही महिन्यांत तुम्ही दोघींनी ठरवलेले सगळे बेत, मोडलेले आणि पार पडलेलेही, एका कागदावर लिहून काढा. कोणता वार होता, कोणती वेळ होती, किती दिवस आधी ठरले होते आणि नकार केव्हा आला, एवढे पुरे. रागात असताना मोडलेले बेतच तेवढे आठवतात, आणि नेमके काय बिघडते आहे हे त्यावरून कळत नाही.

माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत मी हे केले, ते एका संध्याकाळनंतर. साडेसहाला भेटायचे होते, मी दाराला कुलूप लावत होते आणि पाच चाळीसला तिचा निरोप आला, 'सॉरी, आज खूप थकलेय.' रात्री बसून लिहिले, तर चार महिन्यांत नऊ बेत निघाले आणि त्यांतले सहा मोडले होते. त्या सहांपैकी पाच कामाच्या दिवशी संध्याकाळचे होते आणि दहा-बारा दिवस आधी ठरलेले होते. पार पडलेले तिन्ही बेत सुट्टीच्या दिवशी सकाळचे होते आणि आदल्या दिवशी ठरलेले होते. तिला मी नकोशी झाले आहे, ही माझी समजूत त्या कागदावर टिकली नाही.

नीरा लिबरमन आणि याकोव्ह ट्रोप या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून याचे एक कारण समजते. लांबच्या गोष्टीबद्दल ठरवताना माणूस ती किती हवीशी आहे याकडे अधिक पाहतो, तर जवळ आलेल्या गोष्टीबद्दल ठरवताना ती जमवायला किती यातायात पडेल याकडे. दोन आठवड्यांनंतरच्या भेटीला 'हो' म्हणताना तिला तुम्ही दिसता. त्या दिवशी संध्याकाळी मात्र दिवसभराचा शीण, प्रवास आणि उशिरा घरी परतणे दिसते. तिचा 'हो' खोटा नसतो, पण तो देताना तिने त्या संध्याकाळचा अंदाज घेतलेला नसतो. अर्थात त्यामुळे तुमची वाया गेलेली वेळ भरून निघत नाही, म्हणून बोलणे टाळू नका.

ज्या दिवशी बेत मोडला त्याच दिवशी मात्र बोलू नका. ती आधीच ओशाळलेली असते, भराभर माफी मागते आणि विषय तिथेच संपतो. मी चार दिवस थांबले आणि फोनवर म्हणाले, "गेल्या वेळी तुझा निरोप आला तेव्हा मी कुलूप लावत होते. नाही म्हणालीस तर मला चालेल, पण ते आदल्या रात्रीपर्यंत सांग. निघायच्या वेळी कळले की माझी अख्खी संध्याकाळ जाते." 'तू नेहमीच असे करतेस' हे वाक्य मी मुद्दाम टाळले, कारण त्यावर ती अपवाद मोजून दाखवत बसली असती. ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली की तुला आधी नाही म्हणायला माझ्या जीवावर येते, म्हणून शेवटपर्यंत जमेल असे वाटत राहते. ही गोष्ट मला त्या कागदावरून कधीच कळली नसती.

त्यानंतर संध्याकाळचे आणि फार आधीचे बेत आम्ही बंद केले. आदल्या रात्री मी फक्त 'उद्या नक्की ना?' एवढे विचारते. पुढच्या तीन महिन्यांत सात बेत ठरले, दोन रद्द झाले, पण दोन्ही आदल्या रात्रीच. आगाऊ तिकीट काढावे लागते असे काही असेल, तर मी अजून तिच्या भरवशावर ठरवत नाही. तिथे तिसरी मैत्रीण बरोबर घेते, म्हणजे एक गळाली तरी जाणे होते.

तुमच्या कागदावर वेगळे चित्र निघू शकते. रद्द करताना ती स्वतःहून दुसरा दिवस सुचवते का, हे मी सर्वांत आधी पाहीन. सुचवत असेल आणि तो पाळतही असेल, तर अडचण वेळेची आहे. कधीच सुचवत नसेल आणि प्रत्येक भेटीचा पुढाकार तुमचाच असेल, तर दोन भेटींपुरता पुढाकार थांबवून ती विचारते का ते पाहा. आणि सकाळ, संध्याकाळ, जवळचे, लांबचे असे सगळेच बेत मोडत असतील, इतरांनाही ती भेटेनाशी झाली असेल, तर बेतांचा विषय बाजूला ठेवून तिची झोप, तब्येत आणि घरची परिस्थिती कशी आहे हे आधी विचारा, आणि तेव्हा तिला कुठेही बोलावू नका, तुम्हीच अर्धा तास तिच्याकडे जाऊन या.