दीड दिवस झाला तरी उचकी थांबत नाही, कारण काय असू शकतं?

प्रश्न: बाबांना (वय 62) काल सकाळपासून उचकी लागलीये, रात्री झोपेतही चालू होती. पाणी, साखर, श्वास रोखून धरणं सगळं करून झालं. हे अ‍ॅसिडिटीचं आहे की दुसरं काही? आणि कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं?

उत्तर:

मी फिजिशियन आहे, अशा केसेस अधूनमधून येतात. अ‍ॅसिडिटी किंवा गच्च फुगलेलं पोट हे कारण खूप जणांत सापडतं, त्यामुळे तुमचा अंदाज चुकीचा नाही, पण झोपेतही चालू होती हे वाचून मी तेवढ्यावर थांबणार नाही. निव्वळ टेन्शनमुळे लागलेली उचकी सहसा झोप लागली की थांबते. 48 तासांच्या पुढे गेली की आम्ही तिला चिवट उचकी धरून कारण शोधतो, आणि तुम्ही त्या रेषेच्या जवळ आलाच आहात.

उचकी म्हणजे डायफ्रामला, म्हणजे छाती आणि पोट यांच्या मधल्या स्नायूच्या पडद्याला, अचानक बसलेला झटका. हा पडदा हलवणारी फ्रेनिक नर्व्ह निघते मात्र मानेतून, आणि तिथून छातीत उतरून हृदयाच्या आवरणाला चिकटून खाली पडद्यापर्यंत येते. एवढा लांब रस्ता असल्यामुळे वाटेत कुठेही काही टोचलं, दाबलं किंवा सुजलं तर उचकी लागू शकते: मानेत थायरॉइडची मोठी गाठ, फुफ्फुसाच्या खालच्या भागातला न्यूमोनिया, हृदयाच्या आवरणाची सूज, पडद्याखाली साठलेला पू. दुसरी व्हेगस नर्व्ह, ती अन्ननलिका आणि जठराकडून मेंदूला निरोप नेते, आणि तिचीच एक छोटी फांदी कानात जाते, त्यामुळे कानाच्या पडद्याला टेकलेला एखादा केस काढल्यावर उचकी थांबली असंही होतं (म्हणून मी कानात बघतोच, नातेवाइकांना ते विचित्र वाटतं).

एक केस सांगतो. साधारण बाबांच्याच वयाचे गृहस्थ, तीन दिवस उचकी, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या घेऊन काही फरक नाही. बोलता बोलता म्हणाले उजवा खांदाही दुखतोय, पण ते आडवं झोपल्यामुळे असेल. खांदा हलवून बघितला तर हालचाल अगदी मोकळी, दाबून कुठे दुखत नाही, पण खोल श्वास घ्यायला सांगितल्यावर खांद्यात कळ आली. म्हणजे दुखणं खांद्याचं नव्हतंच. खांद्यावरच्या त्वचेच्या नसा आणि फ्रेनिक नर्व्ह मानेतल्या जवळपास त्याच मणक्यांपासून निघतात, त्यामुळे पडद्याला काही झालं की मेंदूला ते खांद्यात दुखतंय असं वाटतं. मग खोदून विचारल्यावर कळलं की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, जेवण कमी झालंय. बरगड्यांखाली उजवीकडे दाबलं तर कळवळले. सोनोग्राफीत लिव्हरच्या वरच्या भागात, पडद्याला अगदी लागून, पू झालेला गळू दिसला. सुईने पू काढला, अँटिबायोटिक चालू केलं आणि उचकी हळूहळू कमी होऊन गेली. नुसतं उचकीचं औषध देत बसलो असतो तर आत गळू वाढत राहिला असता.

आता तुमच्याकडे काय बघायचं. आधी फिजिशियनकडे जा, आणि बाबांनी गेल्या आठवड्यात घेतलेली सगळी औषधं बरोबर न्या. डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडनेही उचकी लागते, आणि पाठीत वगैरे दिलेलं इंजेक्शन लोक सांगायचं विसरतात. डॉक्टर बहुतेक सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम आणि किडनीची रक्ततपासणी, छातीचा एक्सरे, ईसीजी आणि गरज वाटली तर सोनोग्राफी करतील. उचकीसाठी ईसीजी कशाला असं वाटेल, पण हृदयाचा खालचा भाग डायफ्रामवरच टेकलेला असतो आणि त्या भागातला हार्ट अटॅक कधीकधी उचकी घेऊन येतो.

बॅक्लोफेन किंवा क्लोरप्रोमाझीनने उचकी आटोक्यात येते, पण मेडिकलमधून आणून स्वतः देऊ नका, किडनी कमजोर असेल तर बॅक्लोफेनने माणूस गुंगीत जातो आणि दुसऱ्याने बीपी पडू शकतं, शिवाय उचकी दबली की कारण शोधायचं राहून जातं.

छातीत दुखणं, धाप लागणं, ताप, सतत उलटी यातलं काही असेल तर ओपीडीच्या वेळेची वाट न बघता आत्ताच इमर्जन्सीला न्या. बोलताना जीभ जड होणं, गिळताना ठसका लागणं, चालताना एका बाजूला तोल जाणं असेल तर तर अजिबातच थांबू नका, कारण मेंदूच्या खालच्या भागातला स्ट्रोकही उचकीने सुरू होऊ शकतो, आणि त्याच्या उपचारात तासांचा हिशेब असतो, त्यामुळे ही लक्षणं नेमकी किती वाजता दिसली तेही डॉक्टरांना सांगा.