पौंड पूर्ण आले, रुपये कमी आले: फरक मागताना कुठला रेट धरायचा

प्रश्न: मी गुहागरला राहून एका ब्रिटिश कंपनीसाठी स्टीलची ड्रॉइंग्ज काढतो. बिल पौंडात असतं. करारात लिहिलंय की बिलाच्या तारखेपासून पैसे मिळेपर्यंत रेट पडला तर ठरलेल्या मर्यादेपुढचा तोटा त्यांनी भरायचा. पैसे उशिरा आले, तोवर पौंड उतरला. आता मागितलं तर म्हणतात, 'बिलात लिहिलेले पौंड पूर्ण दिले, मग तोटा कसला?' काय उत्तर देऊ आणि हिशोब कसा मांडू?

उत्तर:

त्यांचं म्हणणं त्यांच्या बाजूने खरं आहे, हे आधी मान्य करा. त्यांच्या वहीत जेवढ्या पौंडांचं बिल तेवढ्याच पौंडांचं पेमेंट आहे, म्हणजे खातं मिटलं. फरक दिसतो तो फक्त तुमच्या पासबुकात. त्यामुळे 'माझं नुकसान झालं' अशी सुरुवात केलीत तर ती मदत मागितल्यासारखी वाटते. सुरुवात कराराच्या कलमापासून करा: आपल्यात किंमत रुपयांत ठरली आहे, पौंड हे ती चुकती करायचं चलन आहे, आणि अमुक कलमाप्रमाणे इतकी रक्कम बाकी राहते.

मीही वेंगुर्ल्यात बसून एका ब्रिटिश ग्राहकासाठी घरांच्या अंतर्गत कामाची ड्रॉइंग्ज करतो. 2022 मध्ये मी नेमका इथेच अडखळलो, तेव्हा तीच गोष्ट आकड्यांसकट सांगतो. आकडे गोल केलेत, पण त्या दिवसांतल्या रेटच्या जवळपासचेच आहेत.

बिल 4,000 पौंडांचं, तारीख 1 ऑगस्ट 2022, मुदत 30 दिवस. आमचं कलम असं होतं: बिलाच्या दिवशी जाहीर झालेल्या संदर्भ दराने रुपयांतली किंमत पक्की, पैसे माझ्या बँकेत पोचतील त्या दिवशीचा दर 2 टक्क्यांपेक्षा जास्त हलला तर 2 टक्क्यांपुढचा फरक ज्याचा फायदा झाला त्याने द्यायचा. बिलाच्या दिवशी पौंड 96.50 रुपये होता. मुदत संपली 31 ऑगस्टला. त्या वर्षी नेमकी त्याच दिवशी गणेश चतुर्थी होती, त्यामुळे मीही मेल बघत नव्हतो. गौरी गेल्या, विसर्जन झालं, तरी पैसे नाहीत. सप्टेंबरच्या शेवटी तिकडच्या सरकारने करकपातीचा छोटा अर्थसंकल्प मांडला आणि 26 तारखेला पौंड डॉलरसमोर आजवरच्या नीचांकाला गेला. माझे पैसे आले 27 सप्टेंबरला. संदर्भ दर होता 88 रुपये आणि बँकेने मला दिले 86.80.

मी रागात हिशोब केला. 96.50 मधून 86.80 वजा, गुणिले चार हजार, तोटा 38,800 रुपये. तसा मेल पाठवून दिला. त्यांच्या हिशोबनीस बाईंचं दोन ओळींचं उत्तर आलं: हे दोन रेट कुठून घेतले, आणि 2 टक्क्यांची मर्यादा कुठे गेली? आमच्या शेजारी एक काका काजूगर बाहेर पाठवतात. त्यांना दाखवलं तर तेही पहिल्याच ओळीला थांबले. "खयचो रेट, ता आधी सांग."

सगळा घोळ तिथेच होता. सुरुवातीचा रेट मी बाजारातला घेतला होता आणि शेवटचा बँकेचा. बँक पौंड विकत घेते तेव्हा स्वतःचा नफा कापूनच भाव देते. पौंड तसूभर हलला नसता तरी माझ्या त्या पद्धतीने तोटा निघालाच असता. 88 आणि 86.80 यांतला 1.20 रुपयाचा फरक, म्हणजे चार हजार पौंडांवर 4,800 रुपये, हा बँकेचा गाळा होता. पौंड पडल्याचा त्याच्याशी संबंध नव्हता आणि आमच्या कलमात तो बसतही नव्हता. म्हणून दोन्ही दिवसांचा रेट एकाच ठिकाणचा हवा.

ते ठिकाण शक्यतो एफबीआयएल या संस्थेचा संदर्भ दर ठेवा. पूर्वी हा दर रिझर्व्ह बँक काढायची, 2018 पासून एफबीआयएल काढते. कामकाजाच्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास डॉलर, पौंड, युरो आणि येनचा दर जाहीर होतो, आणि जुन्या तारखांचे दरही पाहता येतात. (येनचा दर शंभर येनला असतो. जपानी ग्राहक असेल तर दोन शून्यं सांभाळा.) समोरचा लंडनमध्ये बसूनही तो तपासू शकतो, हे त्यातलं महत्त्वाचं. गूगलवर दिसणारा रेट मिनिटामिनिटाला हलतो. तुम्ही सकाळी पाहिलेला आकडा त्यांना नंतर सापडत नाही. कलमात 'प्रचलित दर' असं मोघम लिहिलं असेल तर या वेळी एफबीआयएल सुचवा आणि त्यांची संमती मेलवर घ्या.

आता सुधारलेला हिशोब. 4,000 गुणिले 96.50 म्हणजे 3,86,000 रुपये, ही ठरलेली किंमत. 4,000 गुणिले 88 म्हणजे 3,52,000. फरक 34,000. ठरलेल्या किमतीचे 2 टक्के म्हणजे 7,720 रुपये माझ्या अंगावर. उरले 26,280 रुपये, तेवढं मागणं. ते पौंडात सांगताना पुन्हा एक पाय घसरतो: भागायचं ते आजच्या 88 ने, जुन्या 96.50 ने नाही. 88 ने भागलं की 298.64 पौंड येतात. 96.50 ने भागलं तर 272 च्या आसपास येतात, आणि ते पैसे आज रुपयांत बदलले की पुन्हा तेवीसशेच्या आसपास रुपये कमीच पडतात.

```
मागणी (पौंड) = [बिल × (जुना दर − नवा दर) − बिल × जुना दर × 2%] ÷ नवा दर
```

तुमच्या कलमात मर्यादा वेगळी असेल तर 2 च्या जागी ती घाला. पण ती ओलांडल्यावर पूर्ण फरक मिळतो की फक्त वरचा भाग, हे शब्दशः वाचा. तुम्ही 'मर्यादेपुढचा' लिहिलंय, म्हणजे बहुधा वरचाच भाग.

मग तारखा. तुमचं कलम बिलाच्या तारखेपासून धरतं, हे तुमचं नशीब. बऱ्याच करारांत मुदत संपल्यापासूनचाच फरक मिळतो. माझ्या वेळी ऑगस्टअखेर पौंड 92-93 वर आलेला होता. म्हणजे जवळजवळ अर्धी पडझड मुदतीच्या तीस दिवसांतच झाली होती. मला फक्त उशिरापुरतं मागायची मुभा असती तर आकडा निम्म्याहून खाली आला असता.

दुसरं टोक म्हणजे पैसे मिळाल्याचा दिवस. त्यांनी पाठवले तो, की तुमच्या बँकेत आले तो, की तुमच्या खात्यात रुपये जमा झाले तो? यांत दोन-चार दिवस सहज जातात. पैसे बँकेत येऊन पडलेत पण पैसे कशाचे ते सांगणारा परपज कोड किंवा बिलाची प्रत तुम्ही दिली नाही म्हणून अडकलेत, असं झालं असेल तर त्या दिवसांतली घसरण त्यांच्या माथी मारू नका. तुमची बँक परदेशी रक्कम आल्याची जी सूचना देते तिच्यावर तारीख असते, ती धरा आणि प्रत जोडा. परकी चलन तसंच ठेवता येणारं ईईएफसी खातं ज्यांचं आहे त्यांनाही हेच लागू. पौंड तसेच ठेवून 'चढेल' म्हणून वाट पाहिली तर पैसे पोचल्यानंतरचा चढउतार आपला.

आणि सुट्टीचा दिवस. 31 ऑगस्टला चतुर्थीची सुट्टी म्हणून त्या दिवसाचा दर जाहीरच नव्हता. तिकडे मात्र तो साधा बुधवार. कलमात काही नसेल तर आदल्या जाहीर दराचा नियम सुचवा आणि दोन्ही टोकांना तोच लावा. एका टोकाला आदला आणि दुसऱ्या टोकाला पुढचा, असं सोयीने घेतलंत तर तेही लगेच दिसतं.

मधल्या बँकेने दहा-पंधरा पौंड कापले असतील तर तो वेगळा विषय. ते खर्च कोणी सोसायचे हे करारात असतं. उशिराचं व्याज ठरलं असेल तर तेही वेगळ्या ओळीत मागा. तिन्ही एकत्र कालवून एकच रक्कम लिहिली की हिशोबनीस सगळीच बाजूला ठेवतो.

मागणी मेलच्या मजकुरात नुसती लिहू नका, डेबिट नोट पाठवा. तिच्यावर मूळ बिलाचा नंबर आणि तारीख, कलमाचा क्रमांक, दोन तारखा, दोन दर, वरची बेरीज-वजाबाकी आणि शेवटी पौंडातली रक्कम, एवढंच. त्यांच्या हिशोबखात्याला पैसे सोडायला कागद लागतो. तुमच्या मेलमधली कैफियत त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदवता येत नाही. तुम्ही जीएसटी नोंदणीकृत असाल तर ही नोट विवरणपत्रात कशी दाखवायची, ते सीएला आधी विचारा. पैसे पाठवताना दोन्ही नंबर टाकायला सांगा, म्हणजे बँकेत ही रक्कम कसली याची चौकशी लांबत नाही.

सोबतचा मेल चार वाक्यांचा करा, इंग्रजीत पण याच आशयाचा: "बिलाची पौंडातली रक्कम पूर्ण मिळाली, आभार. आपल्या कराराच्या अमुक कलमाप्रमाणे दरातील फरकाची डेबिट नोट जोडली आहे. दोन्ही दर एफबीआयएलचे आहेत, बँकेचे शुल्क यात धरलेले नाही. स्वतंत्रपणे द्यायची की पुढच्या बिलासोबत, आपल्याला सोयीचं ते कळवा." पहिलं वाक्य गाळू नका. तुम्हाला आलेल्या 'पौंड पूर्ण दिले' या उत्तराची हवा तिथेच निघते. आणि मेल फक्त तुमच्या प्रोजेक्टवाल्या माणसाला न पाठवता हिशोबखात्यालाही पाठवा. प्रोजेक्टवाल्याने बहुतेक वेळा करार वाचलेला नसतो.

मला ते 298.64 पौंड ऑक्टोबरच्या बिलासोबत आले, एकही प्रश्न न येता. तेव्हापासून प्रत्येक बिलाच्या तळाशी मी एक ओळ छापतो: आजचा संदर्भ दर इतका, ठरलेली किंमत इतके रुपये. तुमच्या बिलावर ती नसेल तर या वेळी थोडी जास्त समजूत घालावी लागेल.

एक तपासून ठेवा, तुमचं कलम दोन्ही बाजूंनी चालतं का. आमचं चालतं. 2023 च्या जुलैत पौंड 105 च्या वर गेला तेव्हा त्यांनी मागण्याआधी मीच क्रेडिट नोट पाठवली, त्याच नमुन्यावर. ती लिहिताना हात जरा जड झाला, खोटं कशाला बोलू.