पीएमपी नाही, पण उशीर स्वतःहून लिहिलाय: हा रिझ्युमे ठेवायचा की काढायचा?

"मॅडम, मी एचआर घेऊन एमबीए करतेय आणि सध्या इंटर्नशिपवर आहे. प्रोजेक्ट मॅनेजरच्या एका जागेसाठी आलेले रिझ्युमे चाळायचं काम माझ्याकडे आहे. जाहिरातीत पीएमपी हे प्रकल्प व्यवस्थापनाचं सर्टिफिकेट आवश्यक, स्क्रम या कामाच्या पद्धतीचं सर्टिफिकेट असल्यास प्राधान्य, हायब्रिड पद्धतीचा अनुभव, 15-20 जणांची टीम आणि व्हेंडर सांभाळलेले असावेत, असं आहे. एका रिझ्युमेवर मी अडलेय (नावं झाकून सोबत जोडलाय). स्किल्समध्ये अजाइल, स्क्रम, वॉटरफॉल, कानबान, प्रिन्स2 अशा सगळ्याच पद्धती आहेत. टीम 25 जणांची. वर 'सर्व प्रकल्प वेळेत व बजेटमध्ये' आणि खाली स्वतःच एक प्रकल्प पाच आठवडे उशिरा गेल्याचं लिहिलंय. सर्टिफिकेटमध्ये स्क्रमचं सीएसएम आणि 'पीएमपी पर्सुइंग'. पीएमपी नाही म्हणून बाजूला काढला तर चुकेल का? आणि हा माणूस खरंच प्रकल्प चालवतो की नाही, हे कागदावरून ओळखायचं कसं?"

लगेच बाजूला काढू नकोस आणि लगेच पुढेही पाठवू नकोस. आधी ज्यांना हा माणूस हवाय त्या मॅनेजरना एकच गोष्ट विचार: पीएमपी 'आवश्यक' लिहिलंय ते कशासाठी? याची उत्तरं साधारण दोनच प्रकारची येतात. काही वेळा ग्राहकाशी झालेल्या करारातच अट असते, की प्रकल्पावरचा मॅनेजर पीएमपीधारक असेल आणि त्याचं सर्टिफिकेट कागदपत्रांत जोडलं जाईल. तसं असेल तर तुला किंवा तुझ्या मॅनेजरला सूट द्यायचा अधिकारच नाही. माणूस कितीही चांगला असला तरी सर्टिफिकेट हातात येईपर्यंत थांबावं लागेल. दुसऱ्या प्रकारात उत्तर येतं, "अगं, मागच्या जाहिरातीत होतं, तेच राहिलं." तिथे 'आवश्यक'चा अर्थ बराच सैल असतो आणि अनुभवाला वजन देता येतं. जाहिरातीच्या शब्दांवरून या दोन्हीतला फरक कळत नाही, म्हणून विचारावंच लागतं.

आता 'पर्सुइंग'. या शब्दाआड तीन अगदी वेगळ्या अवस्था लपतात. पीएमपीची परीक्षा द्यायची तर आधी प्रकल्प व्यवस्थापनाचं 35 तासांचं प्रशिक्षण लागतं आणि चार वर्षांची पदवी असेल तर प्रकल्पांचं नेतृत्व केल्याचा किमान 36 महिन्यांचा अनुभव दाखवावा लागतो. मग अर्ज मंजूर होतो आणि मंजुरीनंतर परीक्षा द्यायला एक वर्ष मिळतं. म्हणजे कोणी नुसता 35 तासांचा क्लास केलेला असतो, कोणाचा अर्ज मंजूर असतो, तर कोणाची परीक्षेची तारीख ठरलेली असते. तिघेही 'पर्सुइंग' लिहितात. या उमेदवाराला ईमेलवर सरळ विचार, अर्ज मंजूर झालाय का आणि तारीख घेतलीय का. क्लास संपल्याचं प्रमाणपत्र पीएमपी म्हणून जोडणारेही तुला भेटतील. ते कोणी दिलंय ते बघ: प्रशिक्षण संस्थेचं असेल तर ते पीएमपी नव्हे, पीएमपी फक्त पीएमआय ही संस्थाच देते. कोणी पीएमपी असल्याचं लिहिलंच असेल, तर पीएमआयच्या ऑनलाइन नोंदवहीत नावाने शोधता येतं. दर तीन वर्षांनी नूतनीकरण असतं, त्यामुळे मुदत संपलेली नाही ना, तेही बघ.

एक बारकावा तुझ्या उपयोगाचा आहे. 36 महिने मोजताना एकाच काळात दोन प्रकल्प चालवले असतील तर ते महिने दोनदा धरले जात नाहीत. पदाचं नाव काय होतं यापेक्षा काम प्रकल्प चालवण्याचं होतं का, हे महत्त्वाचं असतं. या उमेदवाराची प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून तीन वर्षं आहेत आणि त्याआधी चार वर्षं टीम लीड. तेव्हा तो पात्र होण्याच्या जवळ किंवा पलीकडे असावा. 'पर्सुइंग' ही थाप वाटत नाही, पण विचारल्याशिवाय ते खरंही धरायचं नाही.

सीएसएमवर फार वेळ घालवू नकोस. तो छोटा कोर्स आणि 50 प्रश्नांची चाचणी असते, अनुभवाची अट नसते, दर दोन वर्षांनी नूतनीकरण लागतं. स्क्रमची भाषा येते, एवढंच त्यातून कळतं. जाहिरातीतलं प्राधान्य पूर्ण झालं, टिकमार्क कर आणि पुढे जा.

खरी मेहनत डिलिव्हरीच्या ओळींवर घे. "सर्व प्रकल्प वेळेत व बजेटमध्ये" ही ओळ जवळजवळ प्रत्येक रिझ्युमेत असते आणि बऱ्याचदा खोटीही नसते. प्रश्न असा, की वेळेत म्हणजे कोणत्या तारखेच्या तुलनेत? समज, नऊ महिन्यांचा प्रकल्प होता. सहाव्या महिन्यात ग्राहकाने काम वाढवलं, चेंज रिक्वेस्ट मंजूर झाली, नवी बेसलाइन, म्हणजे मंजूर वेळापत्रक, बारा महिन्यांची ठरली आणि प्रकल्प बाराव्या महिन्यात संपला. मॅनेजर 'वेळेत' म्हणतो ते बरोबर आहे, कारण मंजूर तारीख तीच होती. पण दुसऱ्या एखाद्या प्रकल्पात काम तेवढंच राहतं, उशीर होत जातो आणि दर वेळी तारीख पुढे सरकवून शेवटी 'वेळेत' लिहिलं जातं. कागदावर दोन्ही ओळी तंतोतंत सारख्या दिसतात. म्हणून जिथे 'वेळेत' दिसेल तिथे समासात लिही: मूळ तारीख कोणती, बदललेली कोणती, बदल कोणी आणि का मंजूर केला.

काही रिझ्युमेत एसपीआय नावाचा आकडा दिसेल. ठरल्यापैकी किती काम प्रत्यक्षात झालं, याचं ते गुणोत्तर आहे. 1 म्हणजे वेळापत्रकाप्रमाणे, 1 पेक्षा कमी म्हणजे मागे. "प्रकल्प एसपीआय 1.0 वर पूर्ण केला" अशी ओळ वाचली की नवखा माणूस दबून जातो. पण प्रकल्प संपतो तेव्हा ठरलेलं सगळं काम झालेलंच असतं, त्यामुळे तो तीन महिने उशिरा संपला तरी शेवटी हे गुणोत्तर 1 वरच येतं. तो आकडा प्रकल्पाच्या मध्यावर कामाचा असतो. शेवटचा आकडा मिरवणाऱ्याला तो समजलेला नाही, किंवा वाचणाऱ्याला समजणार नाही असं त्याने धरून चाललंय.

आता तू ज्या ओळीमुळे गोंधळलीस ती बघू. तो लिहितो: जुन्या बिलिंग सिस्टिममधून नवीन सिस्टिममध्ये स्थलांतर, 14 महिने, तीन व्हेंडर, मूळ तारखेनंतर पाच आठवड्यांनी लाइव्ह, जुन्या डेटातल्या दुबार नोंदी काढायला जास्त वेळ लागला, रिपोर्टिंगचं मॉड्यूल दुसऱ्या टप्प्यात ढकललं. माझ्या मते अख्ख्या रिझ्युमेतली ही सर्वांत भक्कम ओळ आहे. मूळ तारीख कोणती होती हे त्याला माहीत आहे, उशिराचं कारण नेमकं सांगता येतं आणि लाइव्ह जाण्यासाठी काय कापायचं हा निर्णय घेतल्याचं दिसतं. डेटा सफाईला लागणारा वेळ कमी धरला जाणं हे अशा स्थलांतरात नेहमीचं दुखणं आहे. म्हणजे ही गोष्ट बेतलेली असण्याची शक्यता कमी. इथे मुलाखतीत विचारायचं ते असं: मॉड्यूल पुढे ढकलायचं कोणी ठरवलं, तू की ग्राहकाने, आणि दुसरा टप्पा प्रत्यक्षात झाला का? वरच्या "सर्व प्रकल्प वेळेत" या ओळीशी याचा मेळ बसत नाही, हे खरंय. ती ओळ बहुधा रिझ्युमेच्या तयार साच्यातून आलीय. विसंगती म्हणून नोंद कर, पण तेवढ्यावरून माणूस बाद करू नकोस.

टीमचा आकडा असाच उलगडावा लागतो. 25 जण त्याला थेट रिपोर्ट करत होते, की ते आपापल्या विभागप्रमुखांचे होते आणि या प्रकल्पापुरते त्याच्यासोबत होते? बऱ्याच कंपन्यांत दुसरा प्रकारच असतो. तिथे मॅनेजरच्या हातात पगारवाढ नसते, रजा मंजूर करणं नसतं, तरी काम करून घ्यायचं असतं. मला तर त्यात नेतृत्वाचा कस जास्त लागतो असं वाटतं. पण जाहिरातीतली अपेक्षा कोणती आहे हे ठाऊक हवं. या उमेदवाराच्या एका ओळीत "25 जणांची स्क्रम टीम" असं आहे. तिथे जरा थबक. स्क्रम गाइडप्रमाणे टीम साधारण दहा किंवा त्याहून कमी लोकांची असते. 25 म्हणजे किमान तीन टीम झाल्या. मग प्रत्येकीचा स्क्रम मास्टर, म्हणजे टीमला स्क्रम नीट पाळायला मदत करणारा, कोण होता, आणि एका टीमचं काम दुसरीवर अडलं की ते कोण सोडवत होतं? तो नेमका हेच करत होता असं उत्तर आलं, तर जाहिरातीतल्या 15-20 जणांना तो सहज सांभाळेल. शिवाय तीन व्हेंडर वरच्या ओळीत आलेलेच आहेत.

पद्धतीबद्दल थोडक्यात. स्किल्सच्या रकान्यातली यादी वाचूच नकोस, प्रकल्पांच्या ओळींमध्ये तिच्या खुणा शोध. हायब्रिड म्हणजे साधारणपणे एकूण वेळापत्रक, टप्पे आणि मंजुऱ्या आधीच ठरलेल्या, पण आतलं काम स्प्रिंटमध्ये, म्हणजे काही आठवड्यांच्या छोट्या फेऱ्यांत. तसं केलेल्या माणसाच्या ओळीत टप्प्याची मंजुरी, बॅकलॉग म्हणजे बाकी कामांची यादी, चेंज रिक्वेस्ट असे शब्द एकत्र दिसतात. बिलिंगच्या प्रकल्पात ते दिसतात. कानबानचा मात्र एकाही कामात मागमूस नाही, आणि प्रिन्स2चं फाउंडेशन किंवा प्रॅक्टिशनर सर्टिफिकेटही कुठे नाही. जाहिरातीत या दोन्हींची मागणी नसल्यामुळे त्यावरून काहीच ठरवायचं नाही. एक गोष्ट मात्र विचारण्यासारखी आहे: स्क्रममध्ये प्रोजेक्ट मॅनेजर अशी भूमिकाच नसते, तर स्प्रिंट चालू असताना तू नेमकं काय करत होतास? चांगला माणूस व्हेंडर, बजेट, मंजुऱ्या, इतर विभागांशी जुळवाजुळव याबद्दल बोलतो. "मी रोज सगळ्यांना कामं वाटायचो" असं उत्तर आलं तर त्याचं स्क्रम नावापुरतंच होतं, असं समज.

तुझ्या मॅनेजरना पाठवायची नोंद चार-पाच ओळींत बसते. नुसतं 'योग्य' किंवा 'अयोग्य' लिहू नकोस. अशी लिही: "हायब्रिड पद्धत आणि व्हेंडर हाताळणी एका 14 महिन्यांच्या प्रकल्पात स्पष्ट दिसते. टीम 25 जणांची, पण अधिकार थेट होता की प्रकल्पापुरता, ते विचारायचं आहे. डिलिव्हरीत एक उशीर कारणासह दिला आहे, बाकी प्रकल्पांच्या मूळ तारखा नाहीत. पीएमपी नाही, अर्जाची स्थिती ईमेलने विचारली आहे. ही अट करारातली असेल तर कृपया कळवा, तोवर रिझ्युमे थांबवला आहे."